दोन टोकांचे वलय

नगर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाची बीटा-नॅफ्थॉलशी एकदा तरी गाठ पडलेली असते. बर्फात थंड केलेल्या अॅनिलिनच्या डायअझोनियम क्षारात त्याचे अल्कली द्रावण ओतले की परीक्षानळीत नारिंगी-लाल रंग उसळतो. प्राथमिक अॅरोमॅटिक अमाइन ओळखण्याची ही चाचणी बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत हमखास येते. त्यापुढे बीटा-नॅफ्थॉलची बाटली कपाटातच राहते. या पुस्तिकेची सुरुवात मी त्याच बाटलीपासून करतो आहे. रुथेनियम कार्बीनच्या मदतीने वलय कसे मिटते, हे समजून घ्यायला मला याहून सोयीचा रेणू सापडला नाही, आणि हे काम प्रत्यक्षात झाले आहे तेही आपल्या राज्यात.

पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक सांबशिवराव कोठा यांचा गट ओलेफिन मेटॅथेसिसवर अनेक वर्षे काम करत आला आहे. क्लेझन पुनर्रचना आणि मेटॅथेसिस या दोन अभिक्रिया एकापाठोपाठ वापरून साध्या फिनॉलांपासून नवी वलये उभारायची, हा त्यांच्या कामाचा एक मोठा धागा आहे. बीटा-नॅफ्थॉलपासून सुरू होणारा त्यांचा शोधनिबंध 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यातली मूळ कल्पना कागदावर चार रेघांत मावते. नॅफ्थॉलच्या ऑक्सिजनवर अलिल गट बसवायचा. मग तापवायचे, म्हणजे क्लेझन पुनर्रचनेने तो अलिल गट ऑक्सिजन सोडून शेजारच्या पहिल्या क्रमांकाच्या कार्बनवर येतो आणि ऑक्सिजन पुन्हा मोकळा होतो. मोकळ्या झालेल्या ऑक्सिजनवर दुसरा अलिल गट बसवायचा. आता रेणूत शेजारी शेजारी दोन हात आहेत, एक कार्बनवर आणि एक ऑक्सिजनवर, आणि दोन्ही हातांच्या टोकाला दुहेरी बंध आहे. ही टोके जोडली की ऑक्सिजन असलेले सात अणूंचे वलय तयार होते, त्याला नॅफ्थॉक्सेपिन म्हणतात.

सात अणू कसे, ते विद्यार्थ्याने स्वतः मोजावे. ऑक्सिजन एक. त्याला लागलेला CH2 दोन. मग नव्या दुहेरी बंधाचे दोन कार्बन, म्हणजे चार. पुढचा CH2 पाच. आणि नॅफ्थॅलिनचे दोन कार्बन मिळून सात. प्रत्येक अलिल गटाचा शेवटचा CH2 या मोजणीत येत नाही, कारण ते दोन CH2 एकमेकांना धरून एथिलीन होऊन निघून जातात. ही मोजणी मी मुद्दाम आधी करायला लावतो. वलय किती अणूंचे होणार हे रुथेनियम ठरवत नाही, ते आपण हात कुठे बसवले त्यावर ठरते. एकाच कार्बनवर दोन अलिल गट असतील तर पाच अणूंचे वलय मिळते, शेजारच्या दोन कार्बनांवर एकेक असेल तर सहाचे. या पुस्तिकेत पुढे जे काही येते त्याचा गाभा हाच आहे: रुथेनियम फक्त अदलाबदल घडवतो, वलय मिटेल की नाही, कोणत्या आकाराचे मिटेल आणि मिटलेले टिकेल की नाही, हे रेणूची ठेवण, द्रावकाचे प्रमाण आणि बाहेर जाणारे एथिलीन यांवर ठरते. उत्प्रेरकाची महागडी बाटली उघडण्याआधी या तिन्हींचा विचार झाला पाहिजे.

अदलाबदल नेमकी कशी होते, हे 1971 साली इव्ह शोव्हां आणि त्यांचे विद्यार्थी जाँ-लुई एरिसाँ यांनी मांडले. त्याआधी दोन दुहेरी बंध थेट एकमेकांसमोर येऊन तुकडे बदलतात अशी समजूत होती. शोव्हां यांनी धातूला मध्ये आणले. धातू आणि कार्बन यांच्यात दुहेरी बंध असलेले संयुग, म्हणजे धातूचा कार्बीन, ओलेफिनजवळ येतो आणि चार अणूंचे एक वलय बनते, ज्यात तीन कार्बन आणि एक धातू असतो. हे वलय ज्या बाजूने बनले त्याच्या आडव्या बाजूने फुटले, की धातूकडे नवा कार्बन आलेला असतो. ही कल्पना बरोबर ठरली. पुढे रिचर्ड श्रॉक यांनी मॉलिब्डेनमचे आणि रॉबर्ट ग्रब्ज यांनी रुथेनियमचे नेमके, बाटलीत भरून ठेवता येणारे उत्प्रेरक तयार केले आणि 2005 चे नोबेल या तिघांना मिळाले. मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक अधिक चपळ असला तरी हवा आणि ओल त्याला सोसत नाही, शिवाय अल्कोहोल, अॅसिड यांसारखे गटही त्याला अडचणीचे ठरतात. रुथेनियमला त्यातले बरेच चालते. साध्या प्रयोगशाळेत ही अभिक्रिया पोहोचली ती यामुळेच.

ग्रब्ज यांचा पहिल्या पिढीचा उत्प्रेरक जांभळ्या रंगाची पूड आहे. रुथेनियमवर दोन क्लोरीन, दोन ट्रायसायक्लोहेक्झिल फॉस्फिन आणि एक बेंझिलिडीन कार्बीन असतो. आपला नॅफ्थॉलचा डायईन त्याच्यासमोर आला की आधी एक फॉस्फिन बाजूला होते, कारण त्याशिवाय ओलेफिनला बसायला जागाच नसते. मग ओलेफिन बसते, चार अणूंचे वलय बनते, फुटते, आणि स्टायरीन बाहेर पडते. आता रुथेनियम आपल्या रेणूच्या एका हाताच्या टोकाला लागला आहे. दुसरा हात जवळच आहे. तो वळून रुथेनियमवर बसतो, पुन्हा चार अणूंचे वलय बनते, ते फुटते, आणि सात अणूंचे नॅफ्थॉक्सेपिन मोकळे होते. रुथेनियमकडे उरतो तो फक्त CH2. हाच रुथेनियम पुढच्या रेणूचा पहिला हात धरतो आणि आपला CH2 त्याच्या CH2 ला देऊन एथिलीन सोडतो. दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीत एक वलय आणि एक एथिलीन, असा हिशेब आहे.

या चक्रातले प्रत्येक पाऊल उलटही जाऊ शकते, आणि हे विसरणाऱ्याची अभिक्रिया अर्ध्यावर अडकते. एथिलीन द्रावणातच राहिले तर ते तयार वलय पुन्हा उघडू शकते. शिवाय एथिलीन जास्त असेल तर रुथेनियमचा बराच भाग CH2 धरलेल्या अवस्थेत राहतो, आणि उत्प्रेरकाची सगळ्यात नाजूक अवस्था तीच; ती लवकर कुजते. म्हणून एथिलीन बाहेर जाऊ द्यायचे. किती, ते मोजून बघू. डायईनचा रेणुभार 224 आहे. 2.24 ग्रॅम घेतले तर 10 मिलिमोल झाले. पूर्ण अभिक्रियेत 1.96 ग्रॅम नॅफ्थॉक्सेपिन मिळते आणि 0.28 ग्रॅम एथिलीन निघते. वजन नगण्य वाटते, पण खोलीच्या तापमानाला हा वायू सुमारे पाव लिटर होतो. बंद झाकणाच्या फ्लास्कमध्ये ही अभिक्रिया ठेवू नये. वर कंडेन्सर, त्यावर बबलर, आणि द्रावणातून नायट्रोजन किंवा आर्गॉनचा मंद झोत, एवढी व्यवस्था पुरेशी असते. आंबा-केळी पिकवण्याच्या खोल्यांत सोडतात तोच हा वायू, फक्त इथे त्याला थांबू द्यायचे नाही.

उत्प्रेरक किती? 10 मिलिमोल डायईनला 1 मोल टक्का धरला तर 0.1 मिलिमोल, म्हणजे पहिल्या पिढीचा सुमारे 82 मिलिग्रॅम. नवखे लोक अभिक्रिया थांबली की आणखी उत्प्रेरक टाकतात, आणि मला या सवयीबद्दल मनापासून सांगायचे आहे की ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी केलेला खर्च असतो. अडचण एथिलीनची असेल, द्रावकातल्या अशुद्धीची असेल, किंवा डायईनच्या ठेवणीची असेल. जास्तीच्या रुथेनियमने यातले काहीच सुटत नाही. उलट शेवटी उत्पादनातून काढायचा धातू वाढतो.

प्रगती बघायला प्रोटॉन एनएमआर सगळ्यात प्रामाणिक. डायईनमध्ये दोन टोकांचे चार CH2 प्रोटॉन 5 ते 5.5 पीपीएमच्या आसपास गुंतागुंतीचे संकेत देतात. वलय मिटले की हे चारही जातात आणि वलयातल्या दुहेरी बंधाचे फक्त दोन प्रोटॉन उरतात. टीएलसीवर डायईन आणि वलय जवळजवळ चालत असल्याने नुसत्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नये.

आता बिघाडाकडे. नॅफ्थॉलच्या या उदाहरणातला सर्वात बोधक बिघाड मास स्पेक्ट्रममध्ये दिसतो. अपेक्षित वस्तुमान 196. कधीकधी त्याच्याशेजारी 182 दिसते, नेमके 14 ने कमी. एक CH2 कुठे गेला? उत्प्रेरक कुजताना रुथेनियम हायड्राइडसारखी संयुगे बनू शकतात आणि ती मेटॅथेसिस करत नाहीत. ती दुहेरी बंध सरकवतात. अलिल हाताच्या टोकाचा दुहेरी बंध एक कार्बन आत सरकला, तर त्या हाताच्या शेवटी CH3 येतो. मग शाबूत असलेल्या उत्प्रेरकाने वलय मिटवले की एथिलीनऐवजी प्रोपिलीन निघते, आणि सातऐवजी सहा अणूंचे वलय मिळते. गंमत अशी की हा बिघाड रसायनशास्त्रज्ञांनी मुद्दाम वापरायलाही घेतला आहे: आधी दुहेरी बंध सरकवायचा, मग वलय मिटवायचे, आणि क्रोमीनच्या कुटुंबातली संयुगे मिळवायची. पण जेव्हा सातच हवे असतील तेव्हा तापमान आणि वेळ आवश्यकतेपेक्षा वाढवू नये. थोडे बेंझोक्विनोन घातले तर हायड्राइडचा हा उपद्रव बराच दबतो. ग्रब्ज यांच्याच गटाने 2005 मध्ये हे दाखवले.

सात अणूंपर्यंत गोष्ट तशी सरळ आहे. अॅरोमॅटिक वलयाने दोन्ही हात जवळ धरून ठेवलेले असतात. दहा अणूंच्या वलयात मात्र साखळी लांब, सैल आणि टोके एकमेकांपासून दूर असतात. निसर्गात बुरशी अशी दहा अणूंची लॅक्टोन भरपूर बनवतात, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या कुटुंबावर पुष्कळ काम झाले आहे. मुकुंद गुर्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली मायक्रोकार्पलाइड या लॅक्टोनच्या संश्लेषणाचा मार्ग प्रसिद्ध केला. नांदरुकाच्या, म्हणजे फायकस मायक्रोकार्पाच्या झाडातल्या एका बुरशीत हे लॅक्टोन सापडले होते, आणि नावही त्यावरूनच आले. अशा मार्गाची आखणी नेहमी उलट दिशेने होते. लॅक्टोनमधला दुहेरी बंध मनात कापायचा, म्हणजे दोन टोकांना व्हिनिल असलेला एस्टर दिसतो. एस्टर कापला की एक अॅसिड आणि एक अल्कोहोल उरते, आणि हे दोन तुकडे वेगवेगळे बनवता येतात. हायड्रॉक्सी गटांची दिशा त्या तुकड्यांत आधीच पक्की केलेली असते. वलय मिटवण्याचे पाऊल शेवटाजवळ येते, म्हणून तिथे फसले तर आधीची सगळी मेहनत जाते.

दहा अणूंच्या वलयात दुसरा प्रश्न येतो तो दुहेरी बंधाच्या भूमितीचा. लहान वलयात ई-रूप मावतच नाही, त्यामुळे झेड आपोआप मिळते. दहात दोन्ही मावतात. याचे सर्वात स्वच्छ उदाहरण मला जर्मनीतल्या म्युल्हाइममधले वाटते. तिथे अलोइस फ्युर्स्टनर यांच्या गटाने 2002 साली हर्बारुमिन ही लॅक्टोन बनवली. ही फोमा हर्बारम या बुरशीतून मेक्सिकोतल्या संशोधकांनी शोधलेली होती, आणि तिच्या परिणामाची चाचणी त्यांनी राजगिऱ्याच्या अंकुरणाऱ्या बियांवर घेतली होती. नैसर्गिक हर्बारुमिनमध्ये दुहेरी बंध ई-रूपात असतो. फ्युर्स्टनर यांनी तोच डायईन दोन वेगळ्या रुथेनियम उत्प्रेरकांना दिला. दोन फॉस्फिन असलेल्या उत्प्रेरकाने मुख्यतः ई-रूप दिले. नायट्रोजनयुक्त वलयी कार्बीन बसवलेल्या दुसऱ्या पिढीच्या उत्प्रेरकाने झेड-रूप दिले.

असे का व्हावे? पहिला उत्प्रेरक टोकाच्या दुहेरी बंधांना सहज धरतो, पण मिटलेल्या वलयातला आतला दुहेरी बंध त्याला जड जातो. म्हणून जे रूप वेगाने बनले ते तसेच राहते. दुसरा उत्प्रेरक इतका सक्रिय आहे की तो तयार वलय पुन्हा पुन्हा उघडतो आणि मिटवतो, आणि शेवटी सर्वात स्थिर रूपाकडे साठा झुकतो. या रेणूत ते झेड आहे. अधिक सक्रिय म्हणजे अधिक चांगला, ही समजूत इथे पूर्ण मोडते, आणि दहा अणूंचे वलय बनवायला बसलेल्या प्रत्येकाने हे उदाहरण आधी वाचावे असे मला वाटते. दुहेरी बंध शेवटी हायड्रोजनने संपृक्तच करायचा असेल, तर अर्थात ही सगळी काळजी अनावश्यक ठरते.

मोठ्या वलयांची तिसरी अडचण द्रावकाची आहे. लांब साखळीच्या एका टोकाला रुथेनियम बसला, की त्याला दोन वाटा असतात: त्याच रेणूचे दुसरे टोक, किंवा शेजारच्या रेणूचे टोक. पहिल्या वाटेने वलय होते, दुसरीने जोडरेणू आणि पुढे लांब साखळ्या. आतल्या आत मिटण्याचा वेग तीव्रतेच्या सरळ प्रमाणात असतो, शेजाऱ्याशी जुळण्याचा वेग तीव्रतेच्या वर्गाच्या. म्हणून द्रावण पातळ केले की दुसरी वाट अधिक झपाट्याने बंद होते. जोडरेणूही दोन तऱ्हांचे असतात. उघडा जोडरेणू एनएमआरमध्ये लगेच पकडला जातो, कारण त्याची टोके दिसतात. दोन रेणूंचे मिळून एकच मोठे वलय झाले, तर मात्र एनएमआर हुबेहूब अपेक्षेसारखा दिसू शकतो आणि माणूस समाधानाने पुढे जातो. मास स्पेक्ट्रममध्ये वस्तुमान दुप्पट दिसते तेव्हाच खरे कळते. दहापेक्षा मोठ्या प्रत्येक वलयाचे वस्तुमान तपासल्याशिवाय नळीवर लेबल लावू नये.

प्रयोगशाळेत पातळ करणे सोपे असते, कारखान्यात नाही. बोएरिंगर इंगेलहाइम या कंपनीचे बीआयएलएन 2061 हे हिपॅटायटिस सी विषाणूवरचे औषध-उमेदवार होते, त्यात पंधरा अणूंचे वलय होते, आणि ते याच अभिक्रियेने मिटवले जात होते. सुरुवातीला द्रावणाची तीव्रता 0.01 मोलरच्या आसपास ठेवावी लागे. 10 मिलिमोल पदार्थाला एक लिटर टोल्युइन, या हिशेबाने किलोग्रॅममध्ये गेले की रिअॅक्टरमध्ये जवळजवळ फक्त द्रावकच भरलेला असतो. मोठ्या प्रमाणावर जाताना आणखी एक गोष्ट पुढे आली. टोल्युइनमध्ये राहिलेल्या मॉर्फोलिनच्या अल्प अंशाने उत्प्रेरक निकामी होत होता. इतक्या पातळ द्रावणात द्रावक एवढा जास्त असतो की त्यातली बारीकशी अशुद्धीसुद्धा उत्प्रेरकाच्या तुलनेत मोठी ठरते. टोल्युइन आम्लाने धुऊन वापरले तेव्हा ही अडचण दूर झाली.

पण खरा उपाय रेणूत होता. 2008 साली त्याच कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी डायईनमधल्या एका अमाइडच्या नायट्रोजनवर बॉक गट बसवला. त्याने साखळीची वळणे बदलली, मिटणाऱ्या वलयातला ताण कमी झाला, आणि रुथेनियम रेणूच्या ज्या टोकाला आधी बसत होता तेही बदलले. मग तीच अभिक्रिया 0.2 मोलर तीव्रतेला, अवघ्या 0.1 मोल टक्के उत्प्रेरकात चालू लागली. द्रावक सुमारे वीसपटीने कमी झाला. हा सगळा फरक एका संरक्षक गटाने पाडला, आणि तो गट पुढे काढूनही टाकता येतो. औषध म्हणून बीआयएलएन 2061 पुढे गेले नाही, माकडांवरच्या चाचण्यांत हृदयावर दुष्परिणाम दिसल्याने काम थांबले. पण त्याच आजारावरचे सिमेप्रेविर, ज्यातले मोठे वलय याच पद्धतीने मिटवतात, 2013 साली अमेरिकेत मंजूर झाले.

संगमनेर, श्रीरामपूर, लोणी किंवा नगरच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला पंधरा अणूंचे वलय बनवायची वेळ लगेच येणार नाही. म्हणून पुढची प्रकरणे लहान वलयांपासून सुरू होतात आणि प्रत्येक ठिकाणी आधी डायईनची आखणी, मग द्रावक, आणि शेवटी उत्प्रेरक अशा क्रमाने जातात. फक्त एक पाऊल मी लहान वलयांतही गाळू देत नाही, ते म्हणजे रुथेनियम काढणे. अभिक्रिया संपल्यावर द्रावण तपकिरी ते काळे होते. सिलिकाच्या एका कॉलमने उत्पादन पांढरे दिसले तरी धातू गेला असे समजू नये. कधीकधी तो नंतर हळूहळू दुहेरी बंध सरकवत राहतो आणि महिन्याभराने त्याच बाटलीचा एनएमआर वेगळा येतो. आधी इथिल व्हिनिल ईथर घालून उत्प्रेरक थांबवावा, कारण त्याने बनणारा कार्बीन जवळजवळ निष्क्रिय असतो. मग सक्रिय कोळशाने ढवळून गाळावे, आणि त्यानंतरच कॉलम चालवावा. तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त रुथेनियम पोटात जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा आहे.